ईएफ ६० म्हणजे ४० टक्के हृदय निकामी नव्हे, आणि ईएफ सुधारली म्हणजे गोळ्या बंद करायच्या असंही नव्हे

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, हृदयाच्या सोनोग्राफीच्या म्हणजे इकोच्या रिपोर्टमधला एक टक्केवारीचा आकडा. त्यावर असा एक मेसेज फिरतोय:

«इको रिपोर्ट नीट वाचा! १) निरोगी हृदयाची ईएफ १०० टक्के असते. तुमची ६० असेल तर ४० टक्के हृदय निकामी आहे, डॉक्टर मात्र नॉर्मल म्हणतात. २) ट्रिव्हियल लीक म्हणजे झडप खराब व्हायला सुरुवात. ग्रेड १ लिहिलं असेल तर रोग लागलाच समजा. ३) पण ईएफ ६० च्या आसपास असेल तर लीक कितीही मोठी असो, ऑपरेशनला नाही म्हणा. ४) ईएफ ५५ च्या वर गेली की गोळ्यांची गरज संपली. ५) दोन सेंटरचे आकडे कधीच जुळत नाहीत, सगळा धंदा आहे. अर्जुनसालीच्या काढ्याने ४५ दिवसांत ईएफ ५ ने वाढते. पुढे पाठवा.»

आमच्या नात्यातल्या एका मावशी हे वाचून हृदयाच्या गोळ्या थांबवायला निघाल्या होत्या, म्हणून हा खटाटोप. पहिल्या मुद्द्यात ६० ही ईएफ वाईट आणि तिसऱ्यात तीच ६० इतकी उत्तम की ऑपरेशनही नको, एवढी विसंगती ज्याला दिसली नाही त्याने लिहिलेल्या मजकुरावर लोक औषधं ठरवतायत.

आधी १०० टक्क्यांचं बघू. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने पूर्ण भरला की त्यात, समजा, १२० मिली रक्त आहे. तो आकुंचन पावला आणि आत ४८ मिली उरलं. बाहेर गेलं ७२ मिली. ७२ भागिले १२० म्हणजे ६० टक्के. एवढीच ईएफ. भरलेल्या रक्तापैकी किती भाग एका ठोक्यात बाहेर पडला, हे ती सांगते. हृदयाचा किती भाग जिवंत आहे हे ती सांगतच नाही. १०० टक्के यायची तर कप्पा थेंबही न उरता रिकामा व्हायला हवा, आणि तसं कुठल्याच निरोगी माणसाचं हृदय करत नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफी आणि तिच्या युरोपीय सहसंस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या मर्यादेप्रमाणे टू-डी इकोत पुरुषांची नॉर्मल ईएफ ५२ ते ७२ आणि बायकांची ५४ ते ७४. त्याहून जास्त म्हणजे आणखी निरोगी, असंही नाही. ईएफ ७८ आणि सोबत भिंती जाड, कप्पा लहान असं लिहिलेलं असेल तर डॉक्टर उलट बारकाईने बघतात, कारण हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजारात असं दिसतं.

उलट टोकही बघा. कप्पा ताणून मोठा झालाय, त्यात २४० मिली मावतं आणि ईएफ ३० आहे. २४० चे ३० टक्के म्हणजे पुन्हा ७२ मिलीच. बसल्या जागी त्या माणसाला काहीच जाणवत नाही ते म्हणूनच. पण एवढं रक्त बाहेर काढण्यासाठी कप्प्याला दुप्पट मोठं व्हावं लागलंय, आणि जिना चढताना वाढीव मागणी आली की त्याच्याकडे द्यायला फारसं उरत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये ईएफच्या शेजारी कप्प्याचं माप असतं. ते सोडून नुसती टक्केवारी वाचू नका.

ट्रिव्हियल लीकबद्दल थोडक्यात. झडप मिटताना किंचित रक्त मागे येतं आणि आजची कलर डॉप्लर यंत्रं तेवढंही टिपतात. हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेची अशी बारीक लीक बहुतेक निरोगी माणसांत सापडते. ग्रेड १ चा गोंधळ मात्र वेगळाच आहे. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये साठीच्या पुढच्या माणसाला हमखास लिहिलेलं असतं ते ‘ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन’. त्याचा झडपेच्या लीकशी काही संबंध नाही. कप्पा सैल पडून भरायला थोडा वेळ लागतो, एवढा त्याचा अर्थ, आणि वयाने हे बऱ्याच जणांत येतं. झडपेच्या लीकची प्रत वेगळी लिहितात: माइल्ड, मॉडरेट, सिव्हियर, किंवा जुन्या पद्धतीने १ ते ४. एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. लीक माइल्ड आहे पण झडपेबद्दल रुमॅटिक, जाड, प्रोलॅप्स असे शब्द आलेत, तर झडपच आजारी आहे आणि पाठपुरावा लागतो. रुमॅटिक असेल, म्हणजे रुमॅटिक तापाने झडप बिघडलेली असेल, तर पेनिसिलिनचं दर ३ आठवड्यांचं इंजेक्शन चालू ठेवायचं की नाही, हे लीक किती आहे एवढ्यावरून ठरत नाही.

आता तिसरा मुद्दा. हा वाचून कोणी ऑपरेशनची योग्य वेळ घालवेल, म्हणून जरा सविस्तर. मायट्रल झडप डाव्या खालच्या कप्प्याच्या दारात असते. ती गळते तेव्हा कप्पा दाबला गेला की रक्ताला दोन वाटा मिळतात: एक पुढे महाधमनीत, दुसरी मागे वरच्या कप्प्यात. मागे दाब कमी, म्हणून ती वाट सोपी. समजा अशा रुग्णाचा कप्पा भरला तेव्हा २०० मिली आणि आकुंचनानंतर ७६ मिली आहे. बाहेर पडलं १२४ मिली, ईएफ ६२ टक्के. रिपोर्टवर अगदी सुंदर आकडा. पण त्यातलं ६२ मिली मागे गळतंय. अंगाला मिळतंय तेवढंच, ६२ मिली. ईएफ मोजताना पुढे गेलेलं आणि मागे गेलेलं रक्त वेगळं धरलं जात नाही. कप्प्यातून निघालं की ते बेरजेत आलं.

दर ठोक्याला ६० मिली किंवा त्याहून जास्त, किंवा निघालेल्या रक्ताचा निम्मा भाग मागे जात असेल तर अशा लीकला सिव्हियर म्हणतात. हा रुग्ण दोन्ही मापांनी त्यात बसतो. स्नायू थकत चालले तरी मागची सोपी वाट ईएफला वर धरून ठेवते. म्हणून झडपेच्याच दोषामुळे झालेल्या सिव्हियर मायट्रल लीकमध्ये ईएफ ६० किंवा खाली आली, अथवा आकुंचनानंतर कप्प्याचा व्यास ४० मिमी किंवा जास्त झाला, तर दम लागत नसला तरी ऑपरेशनचा विचार करायचा, असं हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महाधमनीच्या झडपेच्या सिव्हियर लीकमध्ये हीच रेषा ५५ टक्के आणि ५० मिमीच्या आसपास आहे. म्हणजे ज्या ५८ ला हा मेसेज तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र समजतो, ती सिव्हियर मायट्रल लीकमध्ये धोक्याची सूचना आहे. झडप दुरुस्त झाल्यावर मागची वाट बंद होते आणि ईएफ थोडी उतरते, तेव्हा नातेवाईक ‘ऑपरेशनने बिघडवलं’ म्हणतात. बहुतेक वेळा ऑपरेशनने बिघडवलेलं नसतं; लपलेली ईएफ समोर आलेली असते, आणि ऑपरेशनला उशीर झालेला असेल तर ती जास्त उतरते.

रिपोर्टमध्ये यासाठी कप्प्याचा आकुंचनानंतरचा व्यास बघा, एलव्हीआयडी-एस किंवा एलव्हीईएसडी असं लिहिलेलं असतं. डावा वरचा कप्पा मोठा झालाय का, तेही बघा. लीक सिव्हियर आणि दोन्ही मापं मात्र नॉर्मल असतील, तर एकतर लीक नुकतीच झालीय किंवा प्रत चुकीची लागलीय. डॉक्टरांना हे थेट विचारा.

चौथा मुद्दा सगळ्यात घातक. याला माझ्या मताची गरजच नाही, कारण हे करून बघितलं गेलंय. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी टीआरईडी-एचएफ नावाची चाचणी घेतली. ती लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. हृदय ताणून मोठं होण्याच्या आजारातून बरे झालेले ५१ जण निवडले. पूर्वी ईएफ ४० किंवा खाली, आता ५० किंवा वर, कप्प्याचं माप नॉर्मल, लक्षणं काहीच नाहीत, रक्ततपासणीही चांगली. या मेसेजच्या भाषेत ‘गरज संपलेले’ लोक. त्यातल्या २५ जणांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने, सतत तपासण्या करत बंद केल्या. ६ महिन्यांत त्यांतल्या ११ जणांचा आजार परत आला. गोळ्या चालू ठेवलेल्या २६ जणांपैकी एकाचाही नाही. पुढे त्या गटातल्या २५ जणांच्याही गोळ्या बंद केल्या, तेव्हा ९ जणांचा आजार परतला.

हे कडक देखरेखीखाली, म्हणून घसरण लवकर पकडली गेली. घरी मेसेज वाचून बंद करणाऱ्याला ती कळते पायाला सूज आल्यावर किंवा रात्री दम लागून उठून बसल्यावर. ईएफ ३० वरून ५५ झाली, तर बहुतेकदा ती गोळ्यांनी तिथे धरून ठेवलेली असते. ठोके आवरणारं बीटा ब्लॉकर औषध एकदम थांबवलं तर ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात, ते वेगळंच. काही आजारांत, उदाहरणार्थ सतत वाढलेल्या ठोक्यांमुळे ईएफ उतरली होती आणि ते कारणच दूर झालं, तिथे डॉक्टर काही औषधं कमी करतात. पण तो निर्णय कारण बघून होतो, आकडा ५५ ला टेकला म्हणून नाही.

शेवटच्या मुद्द्यातली अर्धी गोष्ट मला मान्य करावी लागते: दोन सेंटरचे आकडे खरंच जुळत नाहीत. यात फसवणूक नाही, मोजण्याची मर्यादा आहे. नीट मोजायचं तर दोन बाजूंनी घेतलेल्या चित्रांत कप्प्याच्या आतली कड हाताने आखतात आणि घनफळ काढतात, याला सिम्पसन पद्धत म्हणतात. बरेचदा गर्दीत डोळ्यानेच अंदाज होतो आणि ५५, ६० असे गोल आकडे येतात. चित्र तिरकं आलं, कड अंधुक असली, ठोके अनियमित असले की ५ ते १० टक्क्यांचा फरक सहज पडतो. लीकचंही तसंच. तपासणीच्या वेळी रक्तदाब १७० असेल तर तीच मायट्रल लीक मोठी दिसते, यंत्राचं कलर सेटिंग बदललं तरी डाग लहानमोठा होतो, आणि भिंतीला चिकटून जाणारी लीक आहे त्यापेक्षा लहान भासते.

आणि म्हणूनच काढ्याचा दावा टिकत नाही. ५५ ची ६० झाली हा फरक काहीच न घेता, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने मोजला तरी येतो. सुधारणा म्हणायची तर फरक १० च्या वर हवा आणि कप्प्याचं मापही आत आलेलं हवं. तुलना करायची असेल तर शक्यतो त्याच सेंटरला, जुना रिपोर्ट हातात देऊन करा, आणि त्या दिवशीचा रक्तदाब व ठोके लिहून घ्या. दर महिन्याला इको करण्यात काही अर्थ नाही. झडपेच्या दोषाची मायट्रल लीक माइल्ड असेल तर ३ ते ५ वर्षांनी, मॉडरेट असेल तर १ ते २ वर्षांनी, सिव्हियर असून त्रास नसेल तर ६ ते १२ महिन्यांनी. मध्येच दम लागू लागला, उशा वाढवाव्या लागल्या किंवा पाय सुजले तर मात्र तारखेची वाट न बघता.