मालक कळला म्हणजे बातमी कळली, असे नव्हे

"बातम्यांची कुठलीही साइट उघडण्याआधी एवढं करा. १) मालक कोण ते बघा. मालक ज्या पक्षाचा, बातमी त्या पक्षाची. २) मालक विरोधी गटातला निघाला तर बातमी वाचूच नका, खोटीच असणार. ३) परदेशी देणगी घेणारी साइट म्हणजे पगारी एजंट. ४) वाचकांच्या वर्गणीवर चालते तीच खरी निःपक्ष. ५) सोबतचा तक्ता बघा, जी साइट मधोमध आहे तेवढीच वाचा. सर्वांना पाठवा."

हा मेसेज घरच्या ग्रुपवर मावशीने टाकला. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण खाली मामेभावाने लिहिले, "बरं झालं, दोन साइट बाद झाल्या, वाचायचा त्रास वाचला." हा मुलगा हेडफोन घ्यायचा झाला तरी आठवडाभर परीक्षणे वाचतो. म्हणून हे लिहायला बसलो.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

अमेरिकेत 'नॅशनल एन्क्वायरर' नावाचे साप्ताहिक आहे. नटनट्यांच्या भानगडी छापणारे, माहितीसाठी रोख पैसे मोजणारे, अशी त्याची ख्याती. ऑक्टोबर २००७ मध्ये त्याने छापले की अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत असलेले डेमोक्रॅटिक नेते जॉन एडवर्ड्स यांचे विवाहबाह्य संबंध आहेत. एडवर्ड्स यांनी साफ नकार दिला. मोठ्या वृत्तपत्रांनी बातमीकडे ढुंकूनही पाहिले नाही. छापणारा कोण, तर एन्क्वायरर. ऑगस्ट २००८ मध्ये एडवर्ड्स यांनी स्वतःच कबुली दिली. छापणाऱ्याची लायकी बघून बातमी बाजूला सारणारे सगळे त्या दिवशी तोंडावर पडले.

आता त्याच साप्ताहिकाची दुसरी गोष्ट. त्याची तेव्हाची मालक कंपनी अमेरिकन मीडिया. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड पेकर हे डोनाल्ड ट्रम्प यांचे जुने मित्र. २०१६ च्या निवडणुकीआधी कॅरन मॅकडूगल या मॉडेलने ट्रम्प यांच्याशी आपले संबंध होते असे सांगितले (ट्रम्प ते नाकारतात). कंपनीने तिची हकीकत १,५०,००० डॉलर देऊन विकत घेतली आणि छापलीच नाही. बातमीचा निवडणुकीवर परिणाम होऊ नये म्हणून ती दडपली, हे कंपनीने २०१८ मध्ये सरकारी वकिलांशी केलेल्या करारात मान्य केले. २०२४ मध्ये पेकर यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात शपथेवर साक्षही दिली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एडवर्ड्स यांच्याबद्दल छापलेली बातमी खरी निघाली. पक्षपात होता तो न छापलेल्या बातमीत. म्हणजे मालक कोण हे कळल्यावर "हे खोटे असणार" एवढे म्हणून मोकळे होता येत नाही. "इथे काय सापडणार नाही?" हा प्रश्न मात्र विचारता येतो, आणि त्याचे उत्तर साइट वाचल्याशिवाय मिळत नाही.

ते शोधायचे कसे? साइटच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीचे नाव असते. कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर त्या नावाचे संचालक बघायचे, भागधारक दाखवले असतील तर तेही. भागधारक म्हणून दुसरीच कंपनी निघाली, तर तिच्या मागे जायचे. माणूस सापडला की त्याचे बाकीचे धंदे कोणते ते बघायचे. मग त्या धंद्यांपैकी एखाद्यावर दंड, खटला किंवा अपघाताची बातमी इतरत्र मोठी झाली असेल, तर सर्च इंजिनमध्ये असे टाकायचे:

```
site:example.com "कंपनीचे नाव"
```

`example.com` च्या जागी त्या साइटचा पत्ता. काहीच मिळाले नाही तरी लगेच टाळी वाजवू नका. सर्च इंजिन प्रत्येक पान नोंदवत नाही, तेव्हा साइटच्या स्वतःच्या शोधपेटीतही बघा. बातमी मिळाली, तर ती कुठल्या दिवशी आली, आरोप कितव्या परिच्छेदात आहे आणि "ही कंपनी आमच्याच समूहाची आहे" असा खुलासा आहे का, ते तपासा. वृत्तसंस्थेची मूळ बातमी दुसऱ्या साइटवर असेल, तर दोन्ही शेजारी ठेवा. कोणता परिच्छेद कापला ते तिथे उघडे पडते. शेवटी, मालकाचा काही संबंध नसलेल्या तशाच एका प्रकरणावर ही साइट कशी लिहिते तेही बघा. तिथेही आळस असेल, तर तो पक्षपात नाही, नुसता आळसच.

आता पहिला मुद्दा. अर्थतज्ज्ञ मॅथ्यू जेंट्झको आणि जेसी शापिरो यांनी नेमके हेच मोजले. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या दोन पक्षांचे खासदार एकाच गोष्टीला वेगवेगळी नावे देतात. वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवरच्या कराला रिपब्लिकन 'डेथ टॅक्स' म्हणत, डेमोक्रॅट 'इस्टेट टॅक्स'. असे शब्दप्रयोग २००५ च्या संसदेतल्या भाषणांतून काढून, चारशेहून अधिक दैनिकांपैकी कोण कुणाची भाषा बोलते ते त्यांनी तपासले. निघाले असे, की दैनिकाचा कल त्याच्या भागातल्या वाचकांच्या कलाप्रमाणे सरकतो. दैनिकादैनिकांतल्या फरकाचा सुमारे पाचवा हिस्सा एवढ्यानेच उलगडतो. मालकाच्या ओळखीने त्याहून फारच कमी. एकाच मालकाची दोन दैनिके दोन वेगळ्या शहरांत आपापल्या वाचकांचीच भाषा बोलत होती.

मेसेजमध्ये अर्धे सत्य आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. वरचा अभ्यास छापलेले शब्द मोजतो, न छापलेले मोजू शकत नाही. शिवाय मालक हात घालतो तेव्हा फरक पडतोच. २०१७ मध्ये सिंक्लेअर या अमेरिकी प्रसारण कंपनीने बॉन्टेन समूहाच्या स्थानिक वाहिन्या घेतल्या. ग्रेगरी मार्टिन आणि जोशुआ मॅक्रेन यांनी या वाहिन्यांची तुलना त्याच भागातल्या, मालक न बदललेल्या वाहिन्यांशी केली. प्रेक्षक तेच, काळही तोच, तरी सिंक्लेअरच्या वाहिन्यांवर राष्ट्रीय राजकारण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, स्थानिक राजकारण घटले आणि सूर उजवीकडे झुकला. पण हे कळले ते मालक बदलण्याआधीचे आणि नंतरचे कार्यक्रम तपासल्यामुळे. नुसते मालकाचे नाव वाचून हे कुणालाच सांगता आले नसते.

देणगीबद्दल थोडक्यात. देणगीदारांची नावे आणि रकमा साइटवर आहेत का, पैसा सगळ्या कामासाठी आहे की एकाच विषयासाठी, एवढे बघा. एकाच विषयासाठी असेल, तर त्या विषयावर वरचीच तपासणी लावा. पैसा परदेशातून आला एवढ्याने ना बातमी खोटी ठरते, ना खरी.

वर्गणीवाल्या साइटना तर सोवळ्यात बसवायचे काहीच कारण नाही. वाचकांच्या आवडीने कल ठरतो हे जेंट्झको-शापिरोंनीच दाखवले, आणि इथे तर वाचकच पगार देतात. नावडती बातमी आली की वर्गणी बंद करण्याची धमकी जाहिरातदारासारखी वाचकही देतो. फक्त त्याचा फोन मालकाला जात नाही.

आणि तो तक्ता. असे तक्ते करणारी 'ऑलसाइड्स' ही संस्था स्वतःच सांगते की ती फक्त कल मोजते, अचूकता मोजत नाही, आणि मधोमध असणे म्हणजे अधिक चांगले असणे नव्हे. ग्रुपवर आलेल्या चित्रात तक्ता कुणी केला, कधी केला आणि कशावरून केला, यातले काहीच नव्हते.