आत्या खोटी आहे

रात्री पावणेबाराला मास्तरांचा फोन आला. आमच्या सांगलीत एवढ्या रात्री फोन येतो तो एक तर कुणी गेल्याचा, नाही तर कृष्णेचं पाणी वाढल्याचा. मी धसकून उचलला.

"अरे, आत्या खोटी आहे," मास्तर म्हणाले.

झोपेत मला माझीच आत्या आठवली. मग लक्षात आलं, की मास्तर आमच्या एकांकिकेतल्या आत्याबद्दल बोलताहेत. वाड्याची वाटणी अडलेली, दोन भाऊ, एक जाऊबाई आणि हक्कसोडपत्रावर सही करायला नागपूरहून आलेली पंचाहत्तरीची आत्या. तीस पानांतली एकोणीस लिहून झालेली. आमच्या अनुभवानं टाइप केलेलं एक पान दीड मिनिट चालतं, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या मर्यादेत बरोबर बसणारं नाटक. वाचन नऊ दिवसांवर आलेलं. आणि आता ही बाई आत्याच नव्हे, धाकट्यानं सही मारायला आणलेली कुणी तरी भलतीच बाई आहे, असं आमच्या सहलेखकाला रात्री दात घासताना सुचलं होतं.

अशा वेळी काय बोलू नये, हे मी आधीच्या दोन एकांकिकांत भरपूर बोलून शिकलो आहे.

पहिल्या वेळी मी "बघू" म्हणालो होतो. मराठीत "बघू" म्हणजे नाही. मुलीच्या लग्नापासून सोसायटीच्या टाकीपर्यंत जे जे "बघू" वर ठेवलं जातं, ते कुणी कधी बघत नाही. मास्तरांना हे कळतं, ते ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत असले तरी माणूस मिरजेचा आहे. दुसऱ्या वेळी मी "हरकत नाही" म्हणालो आणि चार दिवस हरकत असल्यासारखा वागलो. त्यांनी पाठवलेल्या प्रवेशातल्या फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून परत पाठवल्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला अर्धा किलो भडंग आणून दिलं आणि म्हणाले, "शिव्या दे, पण वेलांट्या नको."

म्हणून या वेळी मी नीट श्वास घेतला आणि म्हणालो, "मास्तर, सकाळी सातला येतो. तोवर कुणाला सांगू नका." हे मला आजवर सापडलेलं सगळ्यात सुसंस्कृत वाक्य आहे. यात होकार नाही, नकार नाही, आणि मुख्य म्हणजे दिग्दर्शकाला बातमी जात नाही. दिग्दर्शकाला गेली, की ती कल्पना उरत नाही, गट होतो.

सकाळी मास्तर तयारीत होते. चहाच्या आधीच त्यांनी वर्ड्सवर्थ काढला. हे त्यांचं ठेवणीतलं हत्यार. १७९७ च्या नोव्हेंबरात कोलरिज आणि वर्ड्सवर्थ इंग्लंडात पायी सहलीला निघाले. खर्च भागवावा म्हणून दोघांनी मिळून एक कविता रचून मासिकाला पाच पौंडांना विकायचं ठरवलं. तीच पुढे म्हाताऱ्या खलाशाची प्रसिद्ध दीर्घकविता झाली. "आणि त्यातला तो अल्बट्रॉस पक्षी मारायची कल्पना कुणाची? सहलेखकाची! वर्ड्सवर्थनं नुकतंच एक प्रवासवर्णन वाचलं होतं, त्यात होता तो पक्षी. मेलेल्या खलाशांनी जहाज हाकायचं, हेही त्याचंच. कोलरिज 'बघू' म्हणाला असता तर?"

"आणि पुढं वर्ड्सवर्थनं काय केलं?"

मास्तरांनी चहात बिस्किट बुडवलं. "दोघांची शैली जमेना म्हणून बाजूला झाला."

"म्हणजे पक्षी मारून निघून गेला. निस्तरलं कोलरिजनं."

बिस्किट कपात पडलं. मी गप्प बसलो. जिंकल्यावर गप्प बसणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमलं. कारण या भानगडीत वाद जिंकला की एकांकिका हरते. मास्तर मग निमूटपणे माझ्यासारखंच लिहू लागतात, आणि माझ्यासारखं लिहायला मी एकटा पुरेसा आहे.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मला खरं तर फोनवरच विचारायला हवा होता. "तुम्हाला नेमकं कुठल्या पानावर कंटाळा आला?"

मास्तर दुखावले. मग त्यांनी पानं चाळली. मग हळूच म्हणाले, "चौदा." चौदाव्या पानानंतर आत्या पलंगावर बसते आणि एकोणिसाव्यापर्यंत उठत नाही. भाऊ भांडतात, जाऊबाई टोमणे मारते, आत्या पाहुण्यासारखी ऐकते. साडेसात मिनिटं! रंगमंचावर साडेसात मिनिटं नुसती बसलेली बाई म्हणजे नेपथ्य. मास्तरांना आत्या खोटी करायची नव्हती, तिला उठवायचं होतं. रात्री पावणेबाराला दोन्ही सारखंच वाटतं.

पण हे मी त्यांना ताबडतोब सांगितलं नाही. "तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळलं" हे वाक्य सहलेखकाला सासूच्या आवाजात ऐकू येतं. त्याऐवजी आम्ही पाडापाडीची यादी केली. वाड्याची एक भिंत काढायची म्हटलं की गवंडी आधी ठोकून बघतो, तिच्यावर काय काय उभं आहे. तसं पहिल्या पानापासून एकेक वाक्य ठोकत गेलो. आत्या खोटी असेल तर काय काय कोसळतं?

चौथ्या पानावर आत्या येते आणि खाली न बघता जिन्याची मोडकी तिसरी पायरी ओलांडते. खोट्या बाईला पायरी कुणी सांगितली? "धाकट्यानं पढवलं," मास्तर. ठीक. सहाव्या पानावर ती थोरल्याला "बाळ्या" म्हणते, आणि थोरल्याला रडू फुटतं. "तेही पढवलं." अकराव्या पानावर ती अंधारात न चाचपडता मिठाची बरणी काढते. मास्तर थांबले. बरणी कुठं असते हे खुद्द धाकट्यालाच ठाऊक नाही, तो आयुष्यात स्वयंपाकघरात गेलेला नाही, तसं आम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. शिवाय सही घरी मारून भागत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा उमटतो, ओळख पटवायला दोन माणसं लागतात. एवढं सगळं रचणारा धाकटा हवा, तर आमचा गरीब, कर्जबाजारी धाकटा मुळापासून अट्टल करावा लागणार. यादी अकरा कलमांवर गेली.

"अकराच तर आहेत," मास्तर म्हणाले. आशावादी माणूस.

इथं मी आमचा जुना नियम काढला. वळण ज्याचं, त्यानं वळण लिहायचं नाही. त्यानं मागची पेरणी करायची. गौप्यस्फोटाचं पान लिहायला हात शिवशिवतात, पण चौथ्या पानावर परत जाऊन, पहिल्यांदा बघताना दिसू नये आणि दुसऱ्यांदा बघताना लपू नये असं एक वाक्य ठेवणं म्हणजे तांदळातले खडे निवडण्यासारखं काम, तेही उलटं. खडे घालायचे. मुदत तीन दिवस. जुनी प्रत `aatya_final_3.docx` या नावानं जशीच्या तशी ठेवली, तिला कुणी हात लावायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे. जुनी प्रत सुखरूप असली की माणूस मनानं मोठा होतो. माझा निम्मा उदारपणा त्या एका फाइलवर उभा असतो.

(याला मर्यादा आहे. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे गेली, नटांचं पाठांतर झालं आणि सुतारानं जिन्याचं लाकूड कापलं, की मग वर्ड्सवर्थ स्वतः आला तरी त्याला चहा पाजून वाटेला लावायचं.)

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर आले. डोळे लाल. अकरापैकी आठ कलमं त्यांनी सांधली होती आणि मिठाच्या बरणीपाशी अडकले होते. पण त्या खटपटीत त्यांच्या हाती एक वेगळीच गोष्ट लागली होती. खोट्या आत्याला कागदपत्रं काय द्यायची, याचा विचार करता करता त्यांना खऱ्या आत्याची कागदपत्रं दिसली.

"अरे, तिच्या आधारवर नाव काय असेल?"

"कुसुम."

"कुसुम माहेरचं! लग्नात नाव बदललं असणार ना तिचं. आधारवर सुनंदा. आडनाव नवऱ्याचं, पत्ता नागपूरचा. म्हणजे या वाड्यात जन्मलेली कुसुम त्या कार्डावर कुठंच नाही."

मी वही ओढली. मग आम्ही रात्री दोनपर्यंत उठलो नाही. आत्या खरीच. पण चौदाव्या पानावर धाकटा तिचं आधार बघतो आणि म्हणतो, "ही आत्या कशावरून?" तो दोन वर्षांचा असताना ती गेलेली, त्याला ती आठवत नाही. थोरला आधी हसतो, मग तोही गप्प होतो. आणि आपल्याच वाड्यात, आपला हक्क सोडायला आलेल्या बाईला आधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. पायरी, बाळ्या, बरणी, तिन्ही जागच्या जागी राहिल्या, फक्त आता त्या साक्षी झाल्या. "तुला पढवलं असेल कुणी तरी," असं धाकटा म्हणतो तेव्हा ती पलंगावरून उठते. उठली एकदाची!

अकरापैकी दोनच कलमं बदलावी लागली. मास्तर म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते हे म्हणाले नव्हते. ते नेमकं उलट म्हणाले होते. मी म्हणालो, "म्हणाला होतात, मास्तर." या एका वाक्याला मला जेवढे कष्ट पडले, तेवढे अख्ख्या चौदाव्या पानाला पडले नाहीत.

शेवट मात्र दोघांनी मिळून आधीच ठरवला होता, त्याला धक्का लागला नाही. आत्या पेनाचं टोपण काढते, कागदाकडे बघते, ब्लॅकआउट.

प्रयोगाच्या रात्री पडदा पडल्यावर एक आजी जिना धरत धरत मेकअप रूमपर्यंत आल्या. आम्हा दोन लेखकांना ओलांडून, पायरी ओलांडावी तसं, त्या थेट आत्याच्या भूमिकेतल्या मुलीपाशी गेल्या. तिच्या केसांत पांढरी पावडर तशीच होती. तिचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "शेवटी सही केलीस का गं?"

मुलीनं आमच्याकडे बघितलं. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या डोळ्यांत ते पावणेबाराचं तेज चढायला लागलं होतं.

"खरं म्हणजे," ते म्हणाले, "ती सही..."

"मास्तर," मी त्यांचा दंड धरला, "सकाळी सातला येतो."