जास्त आयआरआर म्हणजे चांगला प्रकल्प? आकडे मांडून बघू

“दोन प्रकल्पांतून एक निवडायचा असेल तर सरळ आयआरआर बघा. ज्याचा जास्त तो घ्या, एनपीव्हीही तेच सांगणार. शिवाय आयआरआरला डिस्काउंट रेट लागत नाही, त्यामुळे दर कुठला धरायचा हा घोळच संपतो. आणि एनपीव्ही हवाच असेल तर एक्सेलमध्ये NPV ला दर आणि सगळी ओळ द्या, झालं काम.”

परीक्षा जवळ आली की हा संदेश वर्गाच्या ग्रुपवर फिरायला लागतो, आणि मग तपासायला येणाऱ्या असाइनमेंटमध्ये तीच चूक त्याच शब्दांत भेटते. यातला एक दावा निम्मा खरा आहे. बाकीचे दोन दावे मार्क घालवणारे आहेत.

एनपीव्ही म्हणजे पुढे मिळणारे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केली की उरणारी रक्कम. ज्या दराने ते आजच्या किमतीत आणतात तो डिस्काउंट रेट, आणि ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो तो आयआरआर. आता आकडे घेऊ. ‘अ’ प्रकल्पात आज १०,००० गुंतवायचे आणि पुढची तीन वर्षं प्रत्येक वर्षाच्या शेवटी ५,००० मिळणार. ‘ब’ प्रकल्पात आज ३०,००० गुंतवायचे आणि तीन वर्षं दरवर्षी १३,५०० मिळणार. दोन्हींची जोखीम सारखी, भांडवलाचा खर्च, म्हणजे पैसा उभा करायला पडणारा दर, १० टक्के, आणि दोहोंपैकी एकच घेता येतो.

‘अ’चे तीन हप्ते १० टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की ४,५४५, ४,१३२ आणि ३,७५७ होतात. बेरीज १२,४३४, त्यातून १०,००० वजा केले की एनपीव्ही २,४३४. ‘ब’च्या हप्त्यांची आजची किंमत ३३,५७३, म्हणजे एनपीव्ही ३,५७३. आता आयआरआर: ‘अ’चा २३.४ टक्के, ‘ब’चा १६.६ टक्के. एक निकष ‘अ’ म्हणतो, दुसरा ‘ब’. एनपीव्ही “तेच” सांगत नाही.

असं का होतं हे कळायला आयआरआर नेमका कशावर मोजला जातो ते बघावं लागतं. तो सुरुवातीच्या रकमेवर तीन वर्षं मिळणारा परतावा नव्हे. तो त्या त्या वर्षी प्रकल्पात अडकून राहिलेल्या रकमेवरचा दर आहे, कर्जाच्या थकीत मुद्दलावर व्याज लागतं तसा. ‘अ’मध्ये १०,००० वर २३.४ टक्के धरले की वर्षाअखेर १२,३३८ होतात. त्यातले ५,००० हातात आले, ७,३३८ अडकून राहिले. दुसऱ्या वर्षी त्यावर तोच दर, पुन्हा ५,००० बाहेर, उरले ४,०५३. तिसऱ्या वर्षाअखेर त्यांचे ५,००० होतात आणि खातं शून्यावर येतं. बाहेर पडलेल्या पैशांचं पुढे काय होतं याबद्दल आयआरआर अवाक्षर काढत नाही. आणि रक्कम किती मोठी होती याबद्दलही नाही: सगळे आकडे दहापट करा, आयआरआर जागचा हलत नाही.

म्हणून योग्य प्रश्न वेगळा आहे. ‘अ’ सोडून ‘ब’ घेतला तर वरचे २०,००० जास्त घालावे लागतात आणि त्याबदल्यात दरवर्षी ८,५०० जास्त मिळतात. या जादा गुंतवणुकीचा आयआरआर काढला तर तो १३.२ टक्के येतो. भांडवल १० टक्क्यांनी मिळत असेल तर १३.२ टक्के देणारे हे २०,००० नाकारायचं कारण काय? त्यांचा स्वतःचा एनपीव्ही १,१३८ आहे, आणि दोन प्रकल्पांच्या एनपीव्हीतला फरक नेमका तेवढाच आहे (वरचे गोल केलेले आकडे वजा केलेत तर १ चा फरक दिसेल, घाबरू नका). ‘ब’चा आयआरआर कमी दिसतो तो त्याच्या पोटात ‘अ’एवढा एक चांगला भाग आणि त्याला जोडलेला एक बरा भाग आहे म्हणून.

“पण ‘अ’ घेतला तर २०,००० हातात उरतात ना!” हा आक्षेप रास्त आहे. ते पैसे १० टक्क्यांनीच गुंतवता येणार असतील तर त्यांचा एनपीव्ही शून्य, आणि ‘ब’ जिंकतो. पण पैसा खरोखरच मोजका असेल आणि ‘अ’सारखे तीन वेगवेगळे प्रकल्प समोर असतील, तर त्याच ३०,००० मध्ये तिन्ही घ्या, एकूण एनपीव्ही ७,३०३ होतो. तेव्हा ‘ब’ मागे पडतो. मात्र हाही निर्णय एनपीव्हीच्या बेरजेनेच झाला.

दुसरा मुद्दा दराचा. आयआरआर काढताना दर लागत नाही, हे ते निम्मं सत्य. पण निघालेला आकडा कशाशी ताडायचा? १६.६ टक्के पुरेसे आहेत की नाहीत, हे भांडवलाचा खर्च माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. तुलना करताना तर दरावरच सगळं ठरतं. आपल्याच उदाहरणात १० ऐवजी १५ टक्के दर धरा: ‘अ’चा एनपीव्ही १,४१६ होतो आणि ‘ब’चा ८२४. निकाल उलटला! उलटण्याची जागा म्हणजे तोच १३.२ टक्के. त्याच्या खालच्या दराला ‘ब’ पुढे, वरच्या दराला ‘अ’. असाइनमेंटमध्ये हा दर काढून दाखवला की उत्तराला वजन येतं, कारण दराच्या अंदाजात किती चूक झाली तरी निर्णय टिकेल हे त्यावरून दिसतं. १० आणि १३.२ मध्ये फार अंतर नाही, हेही लिहून टाकावं.

आता एक्सेल. B2 मध्ये -30000 आणि C2 ते E2 मध्ये 13500 आहेत असं समजा. सगळी ओळ दिली की उत्तर ३,२४८ येतं, ३,५७३ नाही. कारण NPV हे फंक्शन यादीतला पहिला आकडा आजचा नव्हे, एका वर्षानंतरचा मानतं. त्यामुळे आजची गुंतवणूकही एक वर्ष डिस्काउंट होते आणि अख्खं उत्तर १.१ ने भागलं जातं. बरोबर पद्धत ही:

```
=NPV(10%,C2:E2)+B2
=IRR(B2:E2)
```

IRR ला मात्र पहिल्या आकड्यासकट सगळी ओळच द्यायची. गोंधळ इथूनच सुरू होतो. चुकीच्या सूत्राने अधिक-उणे चिन्ह बदलत नाही आणि दोन्ही प्रकल्पांना एकच दर असेल तर क्रमही बदलत नाही, म्हणून चूक नजरेतून सुटते. शंका आली तर आपलं उत्तर १.१ ने गुणून बघा. हाताने काढलेल्या उत्तराशी ते जुळलं तर घोळ हाच.

याहून वाईट एक खोड आहे, कारण तिच्यामुळे निर्णयही फिरू शकतो. १०,००० गुंतवून पहिल्या वर्षी काहीच न मिळणारा आणि नंतर दोन वर्षं ७,००० देणारा प्रकल्प घ्या. पहिल्या वर्षाचा चौकोन रिकामा ठेवला तर एक्सेल तो मोजतच नाही. पुढचे दोन्ही हप्ते एकेक वर्ष अलीकडे सरकतात आणि एनपीव्ही २,१४९ दिसतो. तिथे 0 टाइप केला की तोच १,०४४ होतो.