वारूळ पाडण्याआधी

"वाळवी ही झाडं खाणारी कीड आहे. जिथे वारूळ, तिथली जमीन मेलेली. दिसेल ते वारूळ पाडा, निसर्गाचं काहीही बिघडत नाही."

वारूळ पाडायला निघालेल्यांचं हे म्हणणं एकेक करून तपासू. पहिला मुद्दा खाण्याचा. जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आहेत, आणि इमारतींच्या लाकडाचं मोठं नुकसान करणाऱ्या जाती शंभराहूनही कमी आहेत. बहुतेकींचं अन्न म्हणजे वाळलेलं गवत, पालापाचोळा, पडलेलं लाकूड. काही जाती उभी पिकं आणि रोपं खातात हे खरं, आणि घराच्या चौकटीत शिरलेल्या वाळवीचा बंदोबस्त करावाच लागतो. पण त्यावरून माळावरच्या वारुळाला शिक्षा देता येत नाही.

'मेलेली जमीन' हे मात्र मला अजिबात पटत नाही. केनियातल्या लायकिपिया पठारावरची माती काळी आणि चिकट आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पाणी तिच्यात सहज मुरत नाही. तिथली ओडोंटोटर्मिस वाळवी मातीत जाडसर कण मिसळते आणि चारी बाजूंनी वाळका पालापाचोळा ओढून आणते. त्यामुळे वारुळाच्या जागी पाणी चांगलं मुरतं, नायट्रोजन आणि फॉस्फरस साठतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारुळाजवळच्या बाभळींना जास्त फळं धरलेली आढळली. कोळी आणि झाडावरच्या छोट्या पालीही वारुळाजवळ जास्त होत्या. जसजसं दूर जावं तसतशी त्यांची संख्या घटत होती.

त्याहून विलक्षण आहे ती मांडणी. शेजारच्या वसाहती एकमेकींशी हद्दीसाठी भांडतात, म्हणून वारुळं साधारण ६० ते १०० मीटर अंतर राखून, जवळजवळ आखल्यासारखी उभी राहतात. त्यामुळे माळावरची कुठलीही जागा कोणत्या ना कोणत्या वारुळापासून फार लांब पडत नाही. तेवढीच वारुळं वेडीवाकडी विखुरली तर एकूण उत्पादन कमी भरतं, असं संशोधकांच्या गणितातून दिसलं. म्हणजे मधलं एक वारूळ पाडलं तर भोवतालच्या पट्ट्याचाही आधार जातो.

अर्थात सगळीकडे हेच घडत नाही. रेताड जमिनीत काही जाती उलट खालची चिकणमाती वर आणतात, आणि काही वारुळांचा माथा इतका टणक असतो की वर्षानुवर्षं उघडाच राहतो. जात कोणती आणि माती कोणती, हे पाहूनच बोलावं लागतं.

उरलं 'काहीही बिघडत नाही'. हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं आहे. बोर्निओतल्या मलियाऊ खोऱ्याच्या वर्षावनात संशोधकांनी काही तुकड्यांतली वारुळं काढली आणि कीटकनाशक लावलेले टॉयलेट पेपरचे रोल ठेवून वाळवी घटवली. नंतर २०१५–१६ चा एल निन्योचा दुष्काळ आला. वाळवी शाबूत असलेल्या तुकड्यांत तिची संख्या दुपटीहून जास्त झाली. तिथल्या मातीत ३६ टक्के जास्त ओल होती आणि ५१ टक्के जास्त रोपं जगली. पाऊस नेहमीसारखा झाला तेव्हा मात्र दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. चांगल्या पावसात वारूळ पाडणाऱ्याला म्हणूनच काही बिघडलेलं दिसत नाही.