पोराची साखर बंद करायचीय? मग गुलाबी दही द्या

तब्येतीची खरंच काळजी असेल तर पहिलं काम एकच, घरात दही लावायचं बंद करा. दूध कोमट करा, चमचाभर विरजण घाला, ढवळा, झाकण ठेवा आणि झोपा, एवढे कष्ट हल्ली झेपतात काय कुणाला? आणि एवढं करून ते दही पांढरंच. वर चित्र नाही, आत झाकणाला चिकटलेलं स्टिकर नाही. असल्या गोष्टीत काही पौष्टिक असेल हे पोरांना पटणार कसं?

दुकानात साधं दही फ्रीजच्या अगदी खालच्या कप्प्यात असतं. वाकू नका, कंबर सांभाळा.

डोळ्यांच्या समोर फ्लेवर्ड दह्याचे जे गुलाबी, पिवळे, जांभळे कप लावलेत तेच घ्या. हे ज्ञान मला परवाच घरी मिळालं. पुतण्या सहा वर्षांचा, माझ्या आईनं लावलेलं म्हशीच्या दुधाचं घट्ट दही वाटीत घेऊन बसलेला, जरा आंबट लागतंय म्हणाला म्हणून मी वरनं अर्धा चमचा साखर भुरभुरली. झालं. वहिनी आतनं पळत आल्या. "भावजी, साखर नको ओ, आम्ही त्याची साखर पूर्ण बंद केलीय." वाटी उचलली, फ्रीज उघडला आणि स्ट्रॉबेरीचा कप त्याच्या हातात दिला. "हे खा बाळा, ह्यात खरं फ्रूट आहे."

मी गप्प. घरातली भांडणं कोण वाढवणार. कप संपल्यावर तेवढा उचलला आणि मागची बाजू वाचली. तुम्ही मात्र हे अजिबात करू नका, कारण अक्षरं मुद्दाम बारीक असतात आणि वाचली की झोप उडते.

100 ग्रॅमचा कप. एकूण साखर 15 ग्रॅम. आता लगेच बोंब मारायची नाही हं, कारण दुधात स्वतःची साखर असतेच, लॅक्टोज म्हणतात तिला, आणि साध्या दह्याच्या पाकिटावरसुद्धा एकूण साखर 4-5 ग्रॅम दिसते. तिची कुणी काळजी करत नाही, करायची गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटना साखर कमी खा म्हणते तेव्हा दुधातली ही साखर त्यात धरतच नाही. म्हणजे 15 मधनं 5 वजा करा, उरले 10. त्याच्याच खालच्या ओळीत 'अॅडेड शुगर' म्हणून जवळपास तोच आकडा छापलेला असतो, आपल्याकडं पाकिटावर तो वेगळा द्यावा लागतो. त्या 10 मध्ये स्ट्रॉबेरीच्या गराची स्वतःची साखर कितीशी, नखाएवढी, बाकी सगळी वरनं घातलेली. दोन सपाट चमचे भरून. माझा अर्धा चमचा पकडला गेला, चौपट साखर 'फ्रूट' म्हणून आत गेली!

आणि ते खरं फ्रूट? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिलं दूध, दुसरी साखर, आणि मग कुठंतरी 'फ्रूट प्रिपरेशन', त्याच्या पुढच्या कंसात पुन्हा साखर. फळ आहे हो, नाही कशाला म्हणू, पण साखरेच्या मागं लाजत उभं आहे. रंग, फ्लेवर, घट्टपणासाठी स्टार्च नाहीतर पेक्टिन, हे सगळं त्याच्या मदतीला. प्रोटीन 3 ग्रॅम. आईच्या दह्यात तेवढ्याच वजनाला साडेतीन-चार. साखर आणि फळाच्या गरानं जागा खाल्ली की तेवढं दही कमी पडणारच, ह्यात गूढ काही नाही.

लो फॅट लिहिलेलं असेल तर दोन कप घ्या. साय काढलीय, साखर जिथल्या तिथंच आहे.

'नो अॅडेड शुगर' लिहिलं असेल तर डोळे मिटून विश्वास ठेवा, यादीत फळाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट दिसलं तरी. शरीराला ती साखरच आहे, पण शब्द वेगळा आहे ना.

आता फ्लेवर्ड मिल्क. कोल्हापुरात राहून हे प्यायला वेगळीच हिंमत लागते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यासमोर पिळून फेसाळ दूध हातात देतात, आणि आपण शेजारच्या दुकानातनं केशर-पिस्त्याची बाटली घेतो, त्यात केशर कमी आणि रंग जास्त. बाटलीवर 100 मिलीला 11 ग्रॅम साखर लिहिलेली असते, अकराच म्हणून आपण खूश. बाटली 200 मिलीची आहे ओ! एकूण 22, त्यात दुधाची 9-10, उरलेली बारा-तेरा ग्रॅम म्हणजे अडीच चमचे वरची. प्रोटीन सहा-साडेसहा ग्रॅम मिळतं, खोटं नाही, पण तेवढंच 200 मिली साध्या दुधात मिळतं आणि त्याला अडीच चमचे लाच द्यावी लागत नाही. जे पोरगं दूध तोंडालाच लावत नाही त्याला कधीतरी दिलं तर ठीक, कॅल्शियम तरी जाईल. पण हे रोज डब्याबरोबर?

काही लोक तर पोट साफ राहावं म्हणून ही बाटली पितात. त्यात विरजण कुठं आहे? ते दूध आहे, तेही बाटलीत घालून कडक तापवलेलं, म्हणून तर महिनोन् महिने टिकतं. कपातल्या दह्याचंही तेच बघायचं असतं, विरजून झाल्यावर पुन्हा तापवलं असेल तर त्यातले जिवाणू मेले.

जिमवाल्यांनी महागडं ग्रीक योगर्टच खावं, ब्लूबेरीचं. घरी पातळ फडक्यात दही बांधून रात्रभर टांगलं, निवळी गळून गेली की जो चक्का उरतो त्यात साध्या दह्याच्या दुप्पट प्रोटीन असतं, पण तो चक्का आपल्या आज्या करत होत्या, त्यामुळं त्यानं बायसेप येणार नाहीत.

बास झालं आता, मला नाही जमत हे हसत हसत सांगायला.

सहा वर्षांच्या पोराला दिवसाला साधारण 1350 कॅलरी लागतात. वरच्या साखरेची हद्द त्याच्या 10 टक्के, म्हणजे 34 ग्रॅमच्या आसपास, आणि जमलं तर 5 टक्के, 17 ग्रॅम. एक कप आणि एक बाटली झाली की 22-23 ग्रॅम गेले, अजून बिस्किट, सॉस, जॅम, वाढदिवसाचा केक काहीच मोजलेलं नाही. आणि तुम्ही साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून जगाला सांगताय की आमच्याकडं साखर बंद आहे. कुणाला फसवताय?

साधं दही म्हणजे काही अमृत नाही. मोठी वाटी खाल्ली तर पाच-सहा ग्रॅम प्रोटीन, त्यानं कोण पैलवान होत नाही, डाळ-उसळ-अंडं लागतंच. पण त्यात कुणी तुमच्या नकळत काही मिसळलेलं नाही. पोराला गोडच पाहिजे तर त्यात केळं कुस्करा, चिकू घाला, नाहीतर सरळ अर्धा चमचा साखर घाला, तुमच्या हातानं, तुम्हाला दिसेल अशी. कप आणायचाच असेल तर आईस्क्रीमसारखा आणा, महिन्यातनं एखादा, आणि पोराला सांगा की ही मिठाई आहे.

आणि दवाखान्यात शुगरवाल्या काकांना भेटायला जाताना 'हलकं असतंय' म्हणून ह्या बाटल्यांचा अख्खा बॉक्स उचलून नेणाऱ्यांनो, तुम्हाला काय म्हणावं? मागची ओळ वाचायला दहा सेकंद लागत नाहीत. तेवढंही होत नसेल तर रिकाम्या हातानं जा, त्यांना चालतंय.