मी अजून इथेच आहे, असं लिहून द्या

माणूस नोकरीला आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, विशेषतः सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी. पण बँकेला चेहरा चालत नाही, तिला पत्र लागतं. कंपनीच्या लेटरहेडवरचं, ताज्या तारखेचं, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर असलेलं. त्यात मुख्य गोष्टी दोनच: पगार किती आणि नोकरी कधीपासून. गृहकर्जाच्या भल्यामोठ्या यादीतला हाच कागद सगळ्यात सोपा, असं मला बँकेतल्या साहेबांनीच सांगितलं होतं. त्यांच्यावर माझा अजून राग नाही, पण विश्वासही नाही.

एचआरच्या मॅडमनी पत्र त्याच दुपारी दिलं. इतक्या चपळाईने मिळालेल्या सरकारी किंवा खासगी कागदाकडे संशयानेच बघावं. पत्रात लिहिलं होतं की, सदर गृहस्थ आमच्याकडे कार्यरत होते, त्यांची वर्तणूक समाधानकारक होती आणि त्यांच्या पुढील वाटचालीस कंपनीच्या शुभेच्छा. बँकेतल्या साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि हळुवारपणे विचारलं, "नोकरी कधी सुटली?"

झालं होतं असं, की मॅडमकडे पत्राचा एकच साचा होता आणि तो राजीनामा दिलेल्यांचा होता. कंपनीतून लोक जातात तेव्हाच पत्र मागतात, राहिलेल्यांना कोण विचारतं? मी विनंती केली की 'होते'चं 'आहेत' करा, शुभेच्छा काढा आणि 'आजतागायत कायम सेवेत' असं घाला. कारण कायम, कंत्राटी की प्रोबेशनवर, हे बँकेला पगाराइतकंच महत्त्वाचं असतं. मॅडम म्हणाल्या, "शुभेच्छा राहू द्या की. चांगलं वाटतं."

दुसऱ्या पत्रात मी नोकरीत परत आलो, पण पगार बिघडला. माझं पॅकेज वर्षाला 12,00,000. मॅडमनी त्याला सरळ बाराने भागलं आणि लिहिलं, 'मासिक वेतन 1,00,000'. गणित बिनचूक होतं. फक्त तेवढे पैसे मला आजवर कधी दिसले नव्हते. माझ्या बँक खात्यात दर महिन्याला 74,000 जमा होतात आणि साहेबांसमोर नेमकं तेच स्टेटमेंट उघडं होतं.

"वरचे 26,000 कुठे जातात?" त्यांनी विचारलं. प्रश्न विचारायची पद्धत अशी होती, की माझं दुसरीकडे कुठेतरी बिऱ्हाड असावं.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या 26,000 चा माग काढला. महिन्याला 10,000 म्हणजे व्हेरिएबल, जे वर्षअखेरीस कामगिरी आणि कंपनीचा मूड बघून मिळतं किंवा मिळत नाही. 5,000 कंपनी माझ्या निवृत्ती निधीत भरते. ते माझेच, पण मी म्हातारा झाल्यावर. या दोन्ही गोष्टी पॅकेजमध्ये असतात, महिन्याच्या पगारात नसतात. त्या वजा केल्या की उरतात 85,000. हा माझा खरा ग्रॉस पगार, पे स्लिपवर सगळ्यात वर छापलेला. त्यातून माझ्या हिश्श्याचे 5,000 निधीत आणि 6,000 कर कापून 74,000 हातात. हिशेब पूर्ण जुळला तेव्हा साहेबांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

तेव्हा पत्रात काय हवं, हे त्यांनीच कागदाच्या मागे लिहून दिलं: वार्षिक एकूण पॅकेज 12,00,000, पैकी निश्चित वेतन 10,20,000, व्हेरिएबल 1,20,000, निवृत्ती निधीतला कंपनीचा वाटा 60,000, मासिक ग्रॉस 85,000. नुसता 'पगार' हा शब्द कुठेही एकटा सोडायचा नाही. तो ग्रॉस की हातातला, वर्षाचा की महिन्याचा, हे शेजारी हवंच. बँक पत्र, पे स्लिप आणि स्टेटमेंट असे तीन कागद शेजारी ठेवून वाचते आणि तिघांनी एकच गोष्ट सांगावी, एवढीच तिची माफक अपेक्षा असते.

याच सुमारास आमचे मेहुणे घरी आले. "अहो, पत्रच आहे ना? आकडा जरा फुगवून घ्या, कर्ज जास्त मिळेल." मेहुण्यांनी स्वतः कधी कर्ज काढलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याकडे सल्ले भरपूर शिल्लक आहेत. मी सांगितलं, की फुगवलेला आकडा पे स्लिपशी जुळत नाही आणि न जुळणारा आकडा हा वाढीव पगार नसून फसवणूक असते. "मग पे स्लिपपण..." असं ते म्हणायला लागले, तेव्हा बहिणीने त्यांना आत बोलावलं.

पगार सुधारला तर तारीख आडवी आली. मी या इमारतीत 1 जुलै 2019 पासून येतोय. त्याच खुर्चीवर बसतोय, तिचं एक चाक तेव्हापासून मोडकं आहे. पण पहिली पावणेदोन वर्षं मी कंत्राटदार एजन्सीच्या पेरोलवर होतो. 1 एप्रिल 2021 ला कंपनीने मला कायम करून घेतलं. पत्रात मॅडमनी 'जुलै 2019 पासून कायम सेवेत' असं लिहिलं. चाक साक्षीला होतं, पण जुनी स्टेटमेंट्स माझ्या बाजूने नव्हती. त्यात मार्च 2021 पर्यंतचा पगार एजन्सीच्या नावाने आला होता.

मॅडमनी मग दुसरं टोक गाठलं आणि नुसतं एप्रिल 2021 लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण मग त्याआधी मी काय करत होतो? कर्जाच्या अर्जात तर मी एकूण अनुभव 2019 पासूनचा लिहिलेला. शेवटी दोन वाक्यं झाली: '1 एप्रिल 2021 पासून कंपनीच्या कायम सेवेत आहेत' आणि 'त्यापूर्वी 1 जुलै 2019 ते 31 मार्च 2021 या काळात कंत्राटदार संस्थेमार्फत याच कार्यालयात कार्यरत होते'. त्या आधीच्या काळाचं पत्र एजन्सीकडूनच आणायचं, कारण ज्याने पगार दिला त्यानेच ते सांगायचं असतं. एजन्सीच्या पत्रात 'कार्यरत होते' आणि शुभेच्छा, दोन्ही होतं. तिथे ते योग्यच होतं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हेच पत्र नाव बदलून व्हिसासाठी न्यायला निघाला होता. त्याला वेळीच थांबवलं. व्हिसावाल्यांना पगार आणि तारखा हव्याच असतात, पण त्यांचा खरा प्रश्न हा, की हा मनुष्य परत येणार का. म्हणून रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मंजूर आहे आणि तो कधी कामावर रुजू होणार, हे त्यात लागतं. शिवाय नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. याचं ऑफिसातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव हे लांबचे नातेवाईक वाटावेत असे आहेत.

पत्र गेलं, आता राहिला बँकेचा फोन. मी अर्जात मॅडमचा मोबाइल दिला होता, पण बँक तुम्ही दिलेल्या नंबरवर फारसा भरवसा ठेवत नाही. मोबाइल कुणाचाही असू शकतो, मेहुण्यांचाही. त्यांनी कंपनीचा नंबर स्वतः शोधला आणि रिसेप्शनमार्फत मॅडमना गाठलं. मी नेमका तिथेच उभा होतो. हुद्दा, तारीख, ग्रॉस, सगळं मॅडमनी पत्रात बघून धडाधड सांगितलं. मग पलीकडून शेवटचा प्रश्न आला: ते राजीनामा देऊन नोटीस पिरियडवर तर नाहीत ना?

मॅडमनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अजून तरी नाहीत."

त्या 'अजून तरी'साठी बँकेला ईमेलवर वेगळा खुलासा द्यावा लागला, तोही कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून. कर्ज मंजूर झालं. पुढच्या महिन्यात पगारवाढीची मीटिंग होती. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी घसा खाकरून विचारलं, "दुसरीकडे कुठे बघताय वगैरे असं काही नाही ना?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेल्या मॅडम म्हणाल्या, "छे हो सर, वीस वर्षांचे हप्ते आहेत. पत्र मीच दिलंय."