मागील बाजूस लिहिले आहे

सोलापुरात अशोक चौकातल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी भांडण झालं ते बाळ्याच्या कथेवरून. बाळ्या शाळेत मराठी शिकवतो आणि दर दिवाळीला एक कथा कुठंतरी पाठवतो. या वेळची कथा टॉवेल कारखान्यातल्या मॅनेजरची. कामगार रजा मागतो, मॅनेजर नाही म्हणतो, मग अर्ज वाचतो आणि मन बदलतो. बाळ्यानं वाचून दाखवली. मल्लूनं मध्येच दोनदा चहा आणून रसभंग केला.

वाचून झाल्यावर सिद्धू म्हणाला, "मॅनेजर रडतो का बे? मी पुण्यात बारा वर्षं मॅनेजर बघायलोय. एकजण रडलेला नाही."

"संवेदनशील आहे तो," बाळ्या म्हणाला.

"संवेदनशील हाय तर पहिल्यांदा नाही का म्हणाला?"

मला सिद्धूचा मुद्दा बरोबर वाटला, पण मी गप्प बसलो, कारण अण्णा पुढं सरकले होते. अण्णांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अख्खा जन्म टाइमकीपर म्हणून काढला. हजेरी, पाळ्या, रजेचे अर्ज, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. एरवी ते कथाबिथा ऐकत नाहीत, पेपर वाचतात. आज पेपर घडी घालून मांडीखाली ठेवला होता.

"अर्ज परत वाच," अण्णा म्हणाले. "मॅनेजरचं राहू दे."

कथेतला अर्ज छापील आहे. नाव, खातं, तारीख, किती दिवस, आणि कारणासाठी एकच रेघ. त्या रेघेवर कामगारानं लिहिलंय, "कारण मागील बाजूस लिहिले आहे." मॅनेजर तारीख बघतो. दुसऱ्या दिवशीच माल निघायचाय. तो लाल पेनानं नामंजूर लिहितो आणि अर्ज ट्रेमध्ये टाकतो. मागची बाजू कोण बघतंय!

मागं हे आहे:

"माझी तब्येत चांगली आहे. घरात कोणी आजारी नाही. उद्या सकाळी आमच्या घरचे दोन माग भंगारवाला नेणार आहे, हे आज दुपारी कळाले. माग उचलायला त्याची माणसे आहेत, माझे तिथे काही काम नाही. पण आमच्या नायनांनी त्या मागांवर तीस वर्षे काढली आणि त्या वेळी घरात ते एकटेच असतील. दुपारी एकपर्यंत उरकेल. दुसऱ्या पाळीचा रमेश माझ्या पाळीला यायला तयार आहे, त्याच्या पाळीला मी येतो. पगार कापला तरी चालेल. आपण मायबाप आहात."

"शेवटची दोन वाक्यं काढ," अण्णा म्हणाले. "बाकी बरोबर हाय."

सिद्धूला हे पटेना. त्याचं म्हणणं, मुळात कारण विचारायचंच कशाला? त्याच्या ऑफिसात मोबाइलवर तारीख टाकायची, संपलं. साठलेली रजा कामगाराच्या हक्काची आहे. ती घेऊन त्यानं माग विकावा नाहीतर झोपून राहावं. "बापाचं दुःख लिहून दाखवल्यावर रजा मिळते, ही भीक झाली. आणि तू तिचं कौतुक करायलाय."

बाळ्याचा चेहरा पडला. मला वाटलं अण्णा आता सिद्धूवर चिडणार, पण ते म्हणाले, "खरं हाय तुझं. पण आजच्या आज मागितली की हक्क लंगडा होतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला नवीन होतं. त्यांच्या नोकरीत 1948 चा कारखाना कायदा चालायचा. त्यात कलम 79. वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागं एक दिवस भरपगारी रजा. पण ती हवी असेल तर 15 दिवस आधी लेखी अर्ज द्यायचा. आणि 15 दिवसांच्या अटीतून सूट फक्त एकाच कारणाला. स्वतःच्या आजारपणाला.

"आता सांग," अण्णा म्हणाले, "भंगारवाला पंधरा दिवस आधी नोटीस देतो का? भाव जमला की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात. मग माणूस काय लिहिणार? ताप आला. पोट बिघडलं. माझ्या टेबलावर महिन्याला ढीगभर ताप यायचे. लोक खोटारडे होते म्हणून नाही ओ. कायद्यात दारच तेवढं एक होतं."

सिद्धू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे यानं ताप लिहिला असता तर मॅनेजरला रजा द्यावीच लागली असती?"

"फार तर डॉक्टरची चिठ्ठी मागितली असती. ती मिळायला काय लागतंय. म्हणून तर पहिलं वाक्य महत्त्वाचं. 'माझी तब्येत चांगली आहे.' दार उघडं असताना तो त्यातनं गेला नाही, हे मॅनेजरला एका ओळीत कळतंय. तिथं थांबतो तो. बापापाशी नाही थांबत."

बाळ्या वहीत लिहायला लागला. खरं सांगायचं तर हे बाळ्याला लिहितानाच कळायला हवं होतं. त्यानं ते वाक्य नुसतं ओघात टाकलेलं.

पण अण्णांचं संपलं नव्हतं. त्यांच्या मते मॅनेजरचं मन बदलतं ते रमेशमुळं. "ताप आला म्हटलं की मॅनेजरला काही करता येत नाही. माणूस कधी येणार, ठाऊक नाही. माग बंद. खरं लिहिलं की वेळ कळते. एकपर्यंत. तीनच्या पाळीला हा हजर. सकाळी रमेश. दोन्ही पाळ्यांत माग चालू, माल बाहेर. आता नाही म्हणायला त्याच्याकडं काय उरलं? नुसता हट्ट."

"रमेश रात्री अकराला सुटून सकाळी सातला परत?" सिद्धूनं लगेच पकडलं.

"येतो की. एक दिवस. पण त्याची सही पाहिजे अर्जावर. ती नाही तुझ्या कथेत," अण्णा बाळ्याकडं वळले. "आणि ती मंजुरी रजेची नाही. पाळीबदल. नामंजूरवर एक आडवी रेघ मारायची, शेजारी आखूड सही, खाली 'पाळीबदल मंजूर'. खाडाखोड केली की ऑफिस विचारतं."

"पण तो अर्ज उलटा का करतो?" मी विचारलं. मला तोच सांधा कच्चा वाटत होता. बाळ्याच्या कथेत वाऱ्यानं कागद उलटतो.

"वारा कशाला! फाईलला लावताना पंच करतो ना माणूस. कागद दुमडून मध्य काढायला लागतो. मागं शाई दिसते."

वारा गेला. रडणं आधीच गेलं होतं. राहिला शेवट. बाळ्याच्या शेवटात कामगार तीनच्या पाळीला येऊन मॅनेजरच्या पाया पडतो. यावर मात्र अण्णा आणि सिद्धू पहिल्यांदाच एका बाजूला आले आणि बाळ्या एकटा पडला.

"मग येऊन काय करेल तो?" बाळ्या वैतागला.

कप गोळा करता करता मल्लू म्हणाला, "हात धुवायला पाठवंल की. जुना माग उचलायचा म्हणजे सगळं काळं वंगण. कितीबी बघत बसतो म्हणला तरी हात लावणारच ना शेवटी. आणि इकडं पांढरा टॉवेल."

कुणी काही बोललं नाही. बाळ्यानं लिहिलं. मॅनेजर त्याचे हात बघतो, म्हणतो, साबणानं धू आधी.

"साबणानं जात नाही ते," अण्णा म्हणाले. "रॉकेल लागतं."

"रॉकेल लिहू?"

"आता रॉकेल कुठं मिळायलंय ओ," मल्लू म्हणाला आणि कप घेऊन गेला.